भुंगेरा की ढेकूण, माशी की गांधीलमाशी: पंख, तोंड आणि मिशा कशा पाहायच्या

प्रश्न: आमच्या शेताच्या बांधावर तीन किडे दिसले. एक हिरवा-निळा, चकाकणारा, पाठीवर काळे ठिपके, चंद्रज्योतीच्या फळांवर घोळक्याने. दुसरा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, झेंडूच्या फुलांवर हवेत एका जागी थांबतो. तिसरा काळा, पोटावर पिवळे पट्टे, पंखांवर काचेसारखे डाग, गवतावर बसलेला. पहिल्याला सगळे भुंगेरा म्हणतात, उरलेल्या दोघांना गांधीलमाशी. पुस्तकात ‘पंख, मुखांगे व शृंगिका पाहाव्यात’ एवढंच लिहिलंय. नेमकं कुठे पाहायचं? आणि फवारणी करावी का?

उत्तर:

आधी माझा अंदाज सांगते. तुम्हाला मिळालेली तिन्ही नावं चुकीची असावीत. पहिला ढेकणांच्या गणातला आहे, दुसरी माशी आहे आणि तिसरा पतंग आहे. फोटो समोर नाहीत, त्यामुळे हा अंदाजच. पण तो पक्का कसा करायचा हे सांगता येईल, आणि ते तुम्ही घरी, एका भिंगाच्या मदतीने करू शकता.

लोकांचा गोंधळ होतो कारण सगळ्यांची नजर आधी रंगावर जाते, आणि कीटकांमध्ये रंगाइतकं फसवं दुसरं काही नाही. पिवळे-काळे पट्टे म्हणजे ‘मला डंख आहे’ ही पक्ष्यांना दिलेली सूचना. डंख नसलेल्या माश्या, पतंग आणि काही भुंगेरेसुद्धा तेच पट्टे अंगावर घेऊन फिरतात, कारण गांधीलमाशीचा एकदा अनुभव घेतलेला पक्षी त्यांच्याही वाटेला जात नाही. चकाकी कीटकांच्या अनेक गणांत वेगवेगळी निर्माण झाली आहे. तेव्हा रंग आणि आकार शेवटी बघायचे. आधी पंख, मग तोंड, मग मिशा. शृंगिका म्हणजे मिशाच, मी पुढे तोच शब्द वापरते.

हा क्रम जुना आहे. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली कीटकांचे गण पाडले ते मुख्यतः पंखांवरून, आणि त्यातली बरीच नावं आजही चालतात. कोलिऑप्टेरा म्हणजे भुंगेरे, हेमिप्टेरा म्हणजे ढेकूण आणि त्यांचे नातलग, लेपिडोप्टेरा म्हणजे पतंग-फुलपाखरं, हायमेनोप्टेरा म्हणजे गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या आणि डिप्टेरा म्हणजे माश्या व डास. त्याचाच विद्यार्थी फॅब्रिशियस याने १७७५ साली तोंडाच्या रचनेवर वर्गीकरण उभारलं. आपण दोन्ही एकत्र वापरतो, कारण एक खूण फसली की दुसरी सावरून घेते.

पाहणीची तयारी थोडीच लागते. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग घ्या. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि किडा भिंगाकडे आणायचा; बरेच जण भिंग किड्याजवळ नेऊन लांबून बघतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे पारदर्शक चपटी डबी, म्हणजे ती उलटी करून पोटाची बाजू बघता येते. किडा फार धावत असेल तर डबीसकट दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. तो सुस्तावतो, पाहून झाल्यावर उन्हात ठेवला की पुन्हा चालू लागतो. गांधीलमाशीची शंका असेल त्या किड्याला मात्र हातात घेऊ नका, डबीतूनच बघा.

आता तुमचा पहिला, चकाकणारा किडा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण भुंगेरा आणि ढेकूण यांच्यातला गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि शेतीत तोच सगळ्यात महाग पडतो.

भुंगेऱ्याचे पुढचे पंख उडण्यासाठी नसतात. ते कडक झालेले असतात आणि त्यांच्याखाली मागचे पातळ पंख घड्या घालून ठेवलेले असतात. हे दोन कडक पंख पाठीच्या मध्यावर दुहेरी दार मिटावं तसे एकमेकांना भिडतात, एकमेकांवर चढत नाहीत. त्यामुळे भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध एक सरळ रेघ दिसते. हुमणीचा तपकिरी भुंगेरा, ढालकिडा, नारळावरचा गेंड्या भुंगा, कोणताही घ्या, ही रेघ असते. मानेजवळ, दोन पंखांच्या सुरुवातीला एक बारीकसा त्रिकोणही बहुधा दिसतो. तो भुंगेऱ्यांत लहानच राहतो.

ढेकणांत हाच त्रिकोण मोठा होतो. तुरीवरचा किंवा भाजीवरचा हिरवा ढेकूण वरून पाहा: मानेमागे ठसठशीत त्रिकोण, त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांचा चामड्यासारखा भाग आणि मागे पंखांची पारदर्शक टोकं एकमेकांवर चढलेली. पुढचा पंख अर्धा जाड, अर्धा पातळ. पाठीवर सरळ रेघ नसते, तिरक्या रेघांची फुलीसारखी आकृती दिसते. कपाशीवरचा लाल ढेकूण यासाठी चांगला नमुना आहे, त्याच्या पाठीवर ही फुली लांबूनही ओळखू येते.

तुमचा किडा या दोन्हींत बसत नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. या चकाकणाऱ्या ढेकणांच्या कुलात, म्हणजे स्कुटेलेरिडीत, तो त्रिकोण इतका वाढलेला असतो की त्याने जवळजवळ सगळं पोट आणि पंखही झाकून टाकलेले असतात. वरून एकसंध, फुगीर, चकाकती ढाल दिसते. कडक पाठ बघितली की आपल्या मनात भुंगेरा येतो. पण त्या ढालीवर मधली रेघ शोधा. सापडणार नाही. ठिपके असतील, रंग बदलत असेल, पण मानेपासून शेपटापर्यंत जाणारी फट नसेल. भुंगेऱ्याची ‘ढाल’ दोन तुकड्यांची असते, याची एका तुकड्याची. किडा उडताना बघायला मिळाला तर आणखी स्पष्ट होतं. भुंगेरा उडण्याआधी सहसा दोन्ही कडक पंख बाजूला उघडतो. हा ढेकूण ढाल जागीच ठेवतो आणि पंख तिच्या बाजूंनी बाहेर काढतो.

पाठीवरून शंभर टक्के खात्री होत नसेल तर डबी उलटी करा. माझ्या मते निर्णायक खूण इथे आहे. ढेकणाच्या डोक्याच्या पुढच्या टोकापासून एक बारीक, सांधे असलेली सोंड निघते आणि मागे वळून पायांच्या मधून छातीला चिकटून पडलेली असते. झाडाचा रस पिणाऱ्या ढेकणांत ती चार सांध्यांची असते आणि बऱ्याचदा मागच्या पायांच्या मुळापर्यंत पोचते. भुंगेऱ्याला अशी सोंड नसते, त्याला आडवे हलणारे दोन जबडे असतात.

ही सोंड खाताना बघणं फार शिकवून जातं. जी नळी आपल्याला दिसते ती फक्त म्यान आहे, ती फळात शिरत नाही. तिच्या आत केसाहून बारीक चार सुया असतात. ढेकूण सोंड खाली उभी करतो, सुया फळात जाऊ लागतात आणि म्यान सांध्यापाशी कोपरासारखं वाकतं. आतल्या सुयांमध्ये दोन मार्ग तयार होतात: एकातून लाळ आत जाते, दुसऱ्यातून विरघळलेलं अन्न वर येतं. म्हणून ढेकणाने खाल्लेल्या फळावर कुरतडलेलं भोक दिसत नाही. बाहेर बारीक टोचल्याची खूण, आत सुरकुतलेलं किंवा पोचट बी. चंद्रज्योतीची दोन-चार फळं फोडून बघा. पानांना भोकं पडली असतील तर ते काम दुसऱ्या कुणाचं आहे.

तिसरी खूण मिशांची. ढेकणांत मिशा चार किंवा पाच लांब तुकड्यांच्या, आणि तुमच्या किड्याच्या कुलात साधारणपणे पाच. भुंगेऱ्यांत बहुतेक वेळा अकरा तुकडे, आणि आकार कुलागणिक बदलणारा: शेणकिड्यांच्या व हुमणीच्या कुलात टोकाला पातळ पानं, सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याच्या कुलात अंगाएवढ्या लांब, ढालकिड्यात आखूड आणि टोकाशी जाड. म्हणून मिशांचा आकार पाहून ‘भुंगेरा नाही’ असं म्हणणं धोक्याचं, पण तुकडे मोजले तर उत्तर चांगलं मिळतं. तुमच्या किड्याच्या मिशा डोक्याच्या खालच्या बाजूने निघतात, वरून त्यांचं मूळ दिसणार नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या वर्णनात एक शब्द आहे ज्याने माझा अंदाज बळावला: ‘घोळक्याने’. त्या घोळक्यात लहान, बिनपंखी, पण तशाच चकाकीची पिल्लं आहेत का बघा. ढेकणांना कोष नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठ्यासारखंच दिसतं, कात टाकत वाढतं, आणि पाठीवर पंखांचे कोंभ हळूहळू मोठे होतात. एकाच फळावर लहान-मोठी सगळी मंडळी बसलेली दिसली तर तो ढेकणांचाच घोळका समजा. भुंगेऱ्यांत हे होऊच शकत नाही, कारण त्यांची अळी वेगळी दिसते, मग कोष होतो आणि कोषातून बाहेर आलेला भुंगेरा नंतर वाढत नाही. लहान भुंगेरा म्हणजे मोठ्याचं पिल्लू नव्हे, तो वेगळ्या जातीचा असतो किंवा अळीपणी त्याला खायला कमी मिळालेलं असतं.

वास मात्र पुरावा म्हणून धरू नका. ढेकूण वास सोडतात हे खरं, पण जमिनीवर धावणारे कित्येक भुंगेरेही उग्र वास सोडतात.

एक अपवाद इथेच सांगायला हवा, कारण सोंडेचं ऐकून पुढच्या वेळी त्यावर फसाल. तांदळातल्या सोंड्यालाही लांब सोंड असते, आंब्याच्या कोयीतल्या भुंग्यालाही. ते भुंगेरेच आहेत. त्यांची सोंड म्हणजे लांबलेलं डोकं, ती ताठ असते, छातीखाली घडी होऊन सांध्यात वाकत नाही. तिच्या टोकाला चिमुकले जबडे असतात, आणि मिशा त्या सोंडेवरच उगवलेल्या, कोपरासारख्या वाकलेल्या दिसतात. मिशा सोंडेवर असतील तर भुंगेरा. सोंड सांध्यांची आणि पोटाखाली दुमडलेली असेल तर ढेकूण. पाठीवरची मधली रेघ तर आहेच.

आता झेंडूवर हवेत थांबणारा किडा. नियम सोपा आहे: माशीला दोन पंख, गांधीलमाशीला चार. प्रत्यक्षात हा नियम फोटोवर फार कमी चालतो, आणि त्याचं कारण गांधीलमाशीच्या पंखात आहे. तिचा मागचा पंख लहान असतो आणि त्याच्या पुढच्या कडेवर सूक्ष्म आकड्यांची ओळ असते. पुढच्या पंखाची मागची कड किंचित दुमडलेली असते, त्या दुमडीत हे आकडे अडकतात आणि दोन्ही पंख एकच होऊन हलतात. मेलेली गांधीलमाशी सापडली तर चिमट्याने पुढचा पंख सावकाश पुढे ओढून बघा, मागचा त्याच्याबरोबर येतो. जोड सोडवला की भिंगाखाली आकड्यांची ओळ दिसते. म्हणजे फोटोत ‘दोनच पंख दिसले’ यावरून माशी ठरवता येत नाही. शिवाय कागदाचं घर बांधणाऱ्या आणि मातीचे घडे करणाऱ्या गांधीलमाश्या बसल्यावर पुढचा पंख लांबीत दुमडतात, त्यामुळे तो अरुंद पट्टीसारखा दिसतो. ही दुमड दिसली तर मात्र ती गांधीलमाशीची चांगली खूण आहे.

माशीचा मागचा पंख गेलेला नाही, तो बदललेला आहे. त्याच्या जागी देठावर गोळा असा बारीक अवयव असतो, त्याला संतुलक म्हणतात. उडताना तो पंखांच्याच वेगाने पण उलट दिशेने हलतो, आणि अंग कोणत्या बाजूला वळतंय हे माशीला कळतं. संतुलक तोडलेली माशी तोल सांभाळून उडू शकत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारी लांब पायांची, मोठ्या डासासारखी माशी असते तिच्या अंगावर हे संतुलक नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पहिला सराव तिच्यावर करा. फुलांवर तरंगणाऱ्या माशीत मात्र ते पंखाच्या मुळाशी झाकले जातात, बाजूने पाहिल्याशिवाय सापडत नाहीत.

म्हणून या किड्यात मी आधी चेहरा बघते. अशा तरंगणाऱ्या माशीच्या, म्हणजे फुलमाशीच्या, मिशा इतक्या आखूड असतात की लांबून त्या नाहीतच असं वाटतं. भिंगातून तीन तुकडे दिसतात, शेवटचा फुगीर, आणि त्यावर एक बारीक केस. गांधीलमाशीच्या मिशा लांब, वाकलेल्या, सतत हलणाऱ्या. मादीत बारा तुकडे, नरात तेरा. माशीचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात आणि फुलमाशीच्या बहुतेक नरांत ते टाळूवर एकमेकांना भिडतात. वर सांगितलेल्या पंख दुमडणाऱ्या गांधीलमाश्यांत डोळ्याच्या आतल्या कडेला खाच असते आणि खाली जबडे स्पष्ट दिसतात. माशीला जबडे नसतात, तिच्या तोंडाशी चाटण्या-शोषण्याची मऊ गादी असते. फुलावर बसली की ती गादी खाली येऊन परागांवर टेकलेली दिसते. पोट आणि छाती यांच्यामधली बारीक कंबर गांधीलमाशीत असते, फुलमाशीत सहसा नसते.

‘सहसा’ म्हटलं ते जाणूनबुजून. फुलमाश्यांच्या कुलातच काही जाती अशा आहेत की त्यांना कंबरही असते, मिशा डोक्यावरच्या एका दांड्यावर चढल्याने लांब वाटतात, आणि पंखाची पुढची कड काळपट असल्याने तो गांधीलमाशीसारखा दुमडलेला दिसतो. अशा वेळी किडा डबीत घेऊन मागचा पंख आहे की संतुलक, हे बघण्यावाचून इलाज नाही. हवेत एका जागी थांबणं हाही पुरावा नव्हे. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या आणि लाकूड पोखरणारे काळे भुंगेही असे थांबतात, आणि ते दोन्ही गांधीलमाश्यांच्या गणातले आहेत.

माझ्या अंदाजाने तुमची माशी मावा खाणाऱ्या फुलमाश्यांपैकी आहे. आपल्याकडे झेंडू, कोथिंबीर, बडीशेप यांच्या फुलांवर अशा माश्या नेहमी येतात. प्रौढ माशी मकरंद आणि पराग खाते, तिची बिनपायांची अळी पानांवर फिरून मावा शोषून संपवते.

तिसऱ्याचं उत्तर लवकर देता येतं. काळा रंग आणि पंखांवर काचेसारखे डाग, हे वाचूनच पतंग मनात आला. पतंगाच्या पंखावर खवले असतात. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे तेच. तुमच्या किड्याच्या पंखावर जिथे काळा रंग आहे तिथे खवले आहेत, जिथे काच आहे तिथे नाहीत. गांधीलमाशीच्या पंखाला कितीही रंग असला तरी तो पंखाच्या पापुद्र्यातच असतो, पुसून निघत नाही. ओल्या बोटाने पंखाची काळी कड हलकेच टिपली आणि बोटावर काळपट भुकटी आली तर काम झालं. बसण्याची ढबही वेगळी असते: हे पतंग दिवसा गवतावर पंख दोन्ही बाजूंना पसरून निवांत बसतात, हात जवळ नेला तरी जड, सरळ उड्डाण करतात. गांधीलमाशी पंख पाठीवर मागे घेऊन बसते. डोक्याखाली बघितलं तर जबडे नसतात, गुंडाळलेली सोंड असते. अमाटा नावाच्या पतंगांचा हा थाट आहे, आणि महाराष्ट्रात गवताळ भागात ते सर्रास दिसतात.

पतंगाचे पुढचे-मागचे पंखही जोडलेले असतात, पण आकड्यांनी नाही. बहुतेक पतंगांत मागच्या पंखाच्या मुळापासून एक ताठ केस निघतो आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला अडकतो. नरात तो एकच जाड असतो, मादीत सहसा अनेक बारीक केसांचा जुडगा. मेलेल्या पतंगावर हे बघायला सोपं आहे आणि त्यातून नर-मादीही कळते.

खवल्यांची खूणही एका ठिकाणी फसते. अनंताच्या झाडावर ज्याची अळी वाढते तो पारदर्शक पंखांचा पतंग, सेफोनोडिस हायलस, कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पण पहिल्याच उड्डाणात ते झडतात. नंतर तो हिरवट अंगाच्या मोठ्या भुंग्यासारखा दिसतो. तिथे सोंड बघा: फुलासमोर हवेत थांबून तो लांब सोंड आत घालतो, आणि ती मागे घेतली की गुंडाळली जाते. उलट टसरच्या पतंगाला उपयोगी सोंडच नसते, तो प्रौढपणी काहीच खात नाही. तिथे खवले आणि पिसासारख्या मिशा पुरेशा आहेत.

या तीन किड्यांच्या निमित्ताने पाचही गण येऊन गेले. तुमच्या बांधावर पुढचा अनोळखी किडा दिसेल तेव्हा पहिला प्रश्न एवढाच: पाठीवर मधोमध सरळ रेघ आहे का? असेल तर भुंगेरा समजून तोंड तपासा. नसेल आणि पाठ कडक असेल तर उलटा करून सोंड बघा. पंख पातळ असतील तर खवले आहेत का, आणि नसतील तर मिशा लांब की आखूड. बहुतेक किडे इथेच सुटतात.

जे सुटत नाहीत ते मुख्यतः पंख नसलेले किंवा पंख बदललेले. यातले दोन शेतकऱ्याला रोज भेटतात. पांढरी माशी चार पंखांची, सोंड असलेली, ढेकणांच्याच गणातली आहे, पंखांवर मेणाची भुकटी असल्याने ती बारीक पतंगासारखीही वाटते. आणि पिठ्या ढेकणाची मादी बिनपंखी असते, तर नराला माशीसारखे दोनच पंख असतात. पण त्याला तोंडच नसतं, शेपटाशी पांढरे मेणाचे धागे असतात. तिसरा म्हणजे पावसाळ्यात दिव्यावर येणारा केशरी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा, ज्याला लोक ‘नैरोबी फ्लाय’ म्हणतात. तो भुंगेरा आहे. त्याचे कडक पंख इतके आखूड असतात की पोट उघडं राहतं, पण त्या आखूड पंखांवरही मधली रेघ आहे. तो अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. अळ्यांना मात्र हे काहीच लागू होत नाही. तिथे पाय मोजावे आणि डोकं बघावं लागतं, तो वेगळा विषय आहे.

फवारणीबद्दल. झेंडूवरच्या माशीसाठी आणि गवतावरच्या पतंगासाठी काहीही फवारू नका. माशी तर तुमच्या बाजूची आहे, आणि फुलं उमलली असताना फवारलं की ती आणि मधमाश्या दोन्ही मरतात. चंद्रज्योत नुसती कुंपणाला असेल तर तिथल्या ढेकणांनाही राहू द्या. बी विकत असाल आणि फोडलेल्या फळांत पोचट बी बरंच निघत असेल तर सकाळी, ऊन चढण्याआधी, घोळका असलेली फांदी साबणाच्या पाण्याच्या बादलीवर धरून झटका द्या. गारव्यात ते सुस्त असतात, उडण्याऐवजी खाली पडतात. पिल्लं दिसेनाशी होईपर्यंत दर चार-पाच दिवसांनी हे करावं लागेल, कारण पानांवरच्या अंड्यांतून नवी निघत राहतात.

पानं खाणाऱ्या अळीसाठी वापरायचं, पानावर पडून पोटात जाणारं औषध इथे आणून मारू नका. सोंड फळाच्या आतून रस घेते, वरच्या थरातलं विष तिच्या तोंडात जातच नाही. आणि घोळक्यावर हात टाकण्याआधी एक गोष्ट बघा: जाडजूड सोंडेचे, अळ्यांना टोचून शोषणारे शिकारी ढेकूणही असतात. त्यांची सोंड मुळाशी जाड आणि मोकळी असते, पुढे सरळ उगारता येते. रस पिणाऱ्याची बारीक आणि डोक्याखाली दबलेली. सोंडेच्या टोकाला अळी लटकलेली दिसली तर त्याला सोडून द्या.

पुढच्या वेळी फोटो टाकताना तीन टाका: बरोबर वरून, बाजूने चेहऱ्यासकट, आणि डबीतून पोटाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पहिल्या किड्याचा पोटाकडचा फोटो मिळाला तर कुल नक्की सांगेन. जात सांगायला मात्र नमुनाच हातात लागतो, कारण या कुलात ठिपक्यांची संख्या आणि रंग एकाच जातीत बदलतात.